चौदा पानांचा करार आणि माझे चार कागद

करार आला ६ मे २०२५ ला, मंगळवारी भर दुपारी. नागपुरातली मे महिन्यातली दुपार, कूलरच्या टाकीत पाणी भरायचं राहिलेलं, आणि मेलमध्ये चौदा पानांची इंग्रजी पीडीएफ. १६ मेपर्यंत सही करून परत पाठवा, एवढीच खाली सूचना. काम मनासारखं होतं. मुंबईच्या एका शैक्षणिक प्रकाशन कंपनीच्या कार्यपुस्तिकांसाठी ४० चित्रं, प्रत्येकी ३,००० रुपये, म्हणजे एकूण १,२०,०००. माझ्यासारख्या घरून काम करणाऱ्या चित्रकारासाठी ही वर्षातली मोठी ऑर्डर. त्यामुळे पहिली इच्छा काय झाली असेल ते सांगायला नको. शेवटच्या पानावर जायचं, सही करायची आणि कामाला लागायचं.

हात आखडला तो जुन्या एका प्रकरणामुळे. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका गृहस्थांचं काम मी तोंडी बोलण्यावर केलं होतं. त्यात १८,००० रुपये बुडाले. तेव्हा कागदच नव्हता. आता कागद होता, पण मला तो कळत नव्हता, आणि तीही काही बरी परिस्थिती नाही.

त्या रात्री करार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. पाचव्या पानावर पेंग आली. वाचून झाल्यावर वाटलं, ठीक तर आहे सगळं. दुसऱ्या दिवशी आईने विचारलं, "पैसे कधी देणार म्हणते कंपनी?" मी म्हटलं, "साठ दिवसांत." "कधीपासून साठ?" मला सांगता येईना. क्रमाने वाचलं की हे असं होतं. प्रत्येक कलम आपापल्या जागी बरं दिसतं, पण आपल्या एका साध्या प्रश्नाचं उत्तर पाच कलमांत विखुरलेलं असतं.

म्हणून ८ मेला बर्डीवर जाऊन प्रिंट काढून आणली. चौदा पानं, ४२ रुपये. चार कोरे ए-फोर कागद घेतले आणि प्रत्येकावर एक मथळा लिहिला: पैसे कधी, चित्रं कोणाची, बदल किती वेळा, सुटायचं कसं. चार रंगांच्या पेन्सिली घेतल्या (त्या माझ्याकडे खंडीभर आहेत) आणि करार पुन्हा वाचताना ज्या वाक्याचा ज्या प्रश्नाशी संबंध आहे ते त्या रंगाने अधोरेखित केलं. पैशांचा रंग हिरवा. 'पेमेंट' नावाचं कलम एकच, चौथं. पण हिरव्या रेघा निघाल्या सहा ठिकाणी: दुसऱ्या पानावरच्या व्याख्यांत, चौथ्या कलमात, काम स्वीकारण्याच्या सहाव्या कलमात, करार संपवण्याच्या अकराव्या कलमात, किरकोळ अटींच्या तेराव्या कलमात आणि मागच्या जोडपत्रात.

मग एकेका रंगाची वाक्यं त्या त्या कागदावर आपल्या मराठीत उतरवली. समोर कलम आणि पान क्रमांक. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी आल्याच पाहिजेत असं ठरवलं: कोणी करायचं, किती दिवसांत, आणि ते दिवस मोजायचे कुठल्या तारखेपासून. यातलं जे सापडणार नाही तिथे जागा कोरी सोडायची नाही, 'लिहिलेलं नाही' असं लाल पेनाने लिहायचं. कोरी जागा आपण मनातल्या मनात आपल्या सोयीने भरून टाकतो.

पैशांचा कागद असा झाला. बिलाच्या तारखेपासून ६० दिवसांत पैसे. बिल कधी लावायचं? 'अंतिम स्वीकृती'नंतर. अंतिम स्वीकृती म्हणजे? व्याख्या सांगत होती की सगळी ४० चित्रं मिळून कंपनीने लेखी मान्य करणं. ती किती दिवसांत करायची? लिहिलेलं नाही. जोडपत्रात मात्र 'पेमेंट ३० दिवस' असं छापलेलं होतं, आणि आमच्या बोलण्यातही तेच ठरलं होतं. मी खूश झाले. मग तेराव्या कलमातली हिरवी रेघ पाहिली. जोडपत्र आणि मुख्य करार यांत विसंगती असेल तर मुख्य करार चालेल. म्हणजे साठच.

बदलांच्या कागदावर एकच ओळ होती. कंपनीचं समाधान होईपर्यंत 'रीझनेबल' बदल, जादा मोबदल्याशिवाय. रीझनेबल म्हणजे किती? लिहिलेलं नाही. त्यांच्या कला संपादक बाई फोनवर म्हणाल्या होत्या, "अहो, दोनदाच होतात बदल, काळजी करू नका." त्या खरंच बोलत असतील. पण तेराव्या कलमात असंही होतं की याआधीचं सगळं बोलणं, मेल, आश्वासनं या करारात विलीन झाली, आता हा कागद तेवढाच खरा. त्यामुळे फोनवरचं 'दोनदाच' माझ्या कागदावर आलं नाही.

मालकीचा कागद: 'डिलिव्हरेबल्स' तयार होताक्षणी कंपनीचे, कायमचे, जगभरासाठी. पैसे मिळाल्यावर नाही, तयार होताक्षणी. आणि डिलिव्हरेबल्समध्ये काय काय? पुन्हा दुसरं पान. अंतिम चित्रं, मूळ लेयर असलेल्या फायली, आणि सगळी कच्ची स्केचेस, नाकारलेली धरून. म्हणजे मी काढलेलं आणि त्यांना नको असलेलं स्केचसुद्धा माझं नाही. पोर्टफोलिओत लावायचं असेल तर परवानगी हवी. व्याख्यांचं पान सगळेच उडवत पुढे जातात, मीही गेले होते. खरा माल तिथेच भरलेला असतो.

सुटण्याचा कागद सगळ्यात छोटा. कंपनी कारण न देता ७ दिवसांच्या सूचनेने करार संपवू शकते, मला मात्र ४५ दिवसांची सूचना द्यायची. संपवल्यास तोवर 'स्वीकारलेल्या' कामाचेच पैसे.

१० मेच्या रात्री हे चारही कागद जमिनीवर शेजारी शेजारी मांडले आणि तेव्हा कुठे घाम फुटला. समजा, मी ३२ चित्रं दिली आणि कंपनीने सात दिवसांची सूचना देऊन काम थांबवलं. स्वीकृती फक्त पूर्ण ४० ची होते, त्यामुळे स्वीकारलेलं काम शून्य. देणं शून्य. ३२ चित्रं, म्हणजे ९६,००० रुपयांचं काम, तयार होताक्षणी त्यांच्या मालकीचं झालेलंच आहे. एकही कलम एकट्याने वाचलं तर असं म्हणत नाही. चार एकत्र वाचली की म्हणतात. आणि कुठलाच दगाफटका न होता सगळं सुरळीत झालं तरी? शेवटचं चित्र जुलैअखेर, स्वीकृतीला महिना धरला तर ऑगस्टअखेर, पुढे ६० दिवस, म्हणजे मुख्य रक्कम ऑक्टोबरच्या शेवटी. जूनपासून पाच महिने घर कशावर चालवायचं?

सोमवारी, १२ मेला बुद्धपौर्णिमेची सुट्टी, म्हणून मंगळवारी सिव्हिल लाइन्समध्ये ओळखीतल्या एका ज्येष्ठ वकिलांकडे गेले. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. फी १,५००, वेळ चाळीस मिनिटं. त्यांनी चौदा पानं बाजूला ठेवून आधी माझे चार कागद घेतले आणि कलम क्रमांकांवरून थेट त्या त्या जागी जाऊन पडताळत गेले. चाळीस मिनिटांत एवढं उरकलं ते त्या क्रमांकांमुळे. तुम्ही कोणाकडे जाणार असाल तर असंच तयार होऊन जा. मात्र करार गोपनीय असतो, 'कोणीतरी सांगा रे' म्हणून चित्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

दुसऱ्याच ओळीवर त्यांनी मला पकडलं. मी लिहिलं होतं, 'कंपनी २० टक्के आगाऊ देईल, कलम ४.२.' काकांनी करारातल्या शब्दावर बोट ठेवलं. तिथे 'मे' होतं, 'शॅल' नव्हतं. "देईल नाही, देऊ शकते. द्यायची तर देईल, नाही तर नाही. तू काहून खूश होऊन राहिली बापा?" म्हणजे सारांश काढताना मीच कंपनीच्या वतीने वचन देऊन बसले होते. तेव्हापासून अशा ठिकाणी मी मूळ इंग्रजी शब्द देवनागरीत तसाच ठेवते. मराठीत आणताना 'शॅल'चं आणि 'मे'चं दोन्हींचं 'देईल' होऊन जातं.

मग त्यांनी दोन गोष्टी समजावल्या, ज्यांच्यासाठी १,५०० रुपये वसूल झाले असं मी मानते.

पहिली पैशांची. माझी 'उद्यम' नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंद, २०२३ पासून आहे. आधार आणि पॅनवर सरकारी पोर्टलवर होते, फुकट. २००६ च्या एमएसएमई कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात. करारात जास्त मुदत लिहिली तरी ४५ च. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आणि काम कधी स्वीकारलं म्हणायचं तेही कायदा सांगतो. काम दिलं तो दिवस. पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली असेल तर ती दूर झाली तो दिवस. म्हणजे 'आम्ही अजून पाहिलंच नाही' हे वर्षभर चालवता येत नाही. "पण हे भांडायला ठेवू नको," काका म्हणाले. "भांडण झालं तर वर्षं जातात. आत्ताच करारात मुदत लिहून घे."

दुसरी मालकीची. मालकीच्या कागदावर मी एक ओळ लिहिली होती: 'कलम ८.३, कॉपीराइट कायदा १९(४) लागू नाही. म्हणजे काय?' त्याचा अर्थ असा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि १९(४) म्हणतं की घेणाऱ्याने हक्क एका वर्षात वापरलेच नाहीत तर ते संपतात, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. कंपनीने वेगळं लिहून हे दारही लावून टाकलं होतं. मी विचारलं, मग मालकीबद्दल करारात काही लिहिलंच नाही तर ती आपोआप माझीच नाही का? साधारणपणे हो, फ्रीलान्सर नोकर नसतो, त्यामुळे पहिला हक्क करणाऱ्याचा. पण १७ व्या कलमात अपवाद आहे. मोबदला देऊन काढून घेतलेला फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट यांचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढून घेणारा असतो. माझी डिजिटल चित्रं 'पेंटिंग'मध्ये बसतात की नाही यावर वाद घालता येईल, पण चित्रकाराने या बाबतीत कागद मुका ठेवू नये. मला वाटत होतं की मुका कागद माझ्या बाजूचा. तसं नाही.

निघताना म्हणाले, पाचवा कागद कर, 'उरलेलं'. त्यात गेलं नुकसानभरपाईचं कलम, कारण त्याला वरची मर्यादाच नव्हती. माझे चार मथळे छान होते, पण करार काही माझ्या मथळ्यांना विचारून लिहिलेला नाही.

१४ मेला मेल पाठवला. चौदा पानं दुरुस्त करून पाठवली नाहीत. पाच मुद्दे, प्रत्येकात कलम क्रमांक, आत्ताचं वाक्य आणि मला हवं असलेलं वाक्य. तक्रारीचा सूर नको म्हणून तीनदा लिहिला. 'तुमचा करार एकतर्फी आहे' हे वाक्य पहिल्या मसुद्यात होतं, ते काढलं.

मग शांतता. १६ मे उलटली. काम गेलं असं मी धरूनच चालले. रात्री दोनला उठून मेल बघायची. घरात कोणी काही बोलत नव्हतं, पण सव्वा लाखाच्या कामाला मीच फाटे फोडले असं सगळ्यांना वाटत असणार, निदान मला तसं वाटत होतं. २० मेला फोन आला, त्यांच्या व्हेंडर विभागातल्या गृहस्थांचा. अगदी निवांत आवाज. "मॅडम, लीगलकडे होतं. पहिला पॉइंट अकाउंट्सने लगेच ओके केला." ४५ दिवसांचा मुद्दा. कारण नंतर कळलं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात नियम आहे की सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी वजा धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. माझ्या गरजेपेक्षा त्यांच्या हिशेबनिसांची गरज कामाला आली.

२३ मेला सुधारलेला करार आला. मी तो पुन्हा पेन्सिलीने रंगवला, कारण बदललेलं एक कलम दुसरीकडे अडकू शकतं. अडकलंच होतं. चौथ्या कलमात हप्ते आले होते, पण व्याख्येत स्वीकृती अजून पूर्ण ४० चीच होती. तो एक शब्द बदलून घेतला आणि २६ मेला सही केली.

मिळालं ते असं. २४,००० आगाऊ, 'शॅल' घालून. २० चित्रं स्वीकारली की ४८,०००, उरलेली २० स्वीकारली की ४८,०००. चित्रं दिल्यापासून कामाच्या १० दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ती स्वीकारली असं समजायचं. स्केच मान्य झाल्यावर प्रत्येक चित्रात दोन फेऱ्या बदल, आणि एक फेरी म्हणजे सगळ्यांच्या सूचना एकत्र करून आलेला एक मेल. विषयच बदलला तर नवं चित्र, पूर्ण दराने. मालकी त्या त्या हप्त्याचे पैसे मिळाल्यावर. नाकारलेली स्केचेस माझी. करार संपवायला दोघांनाही १५ दिवस, आणि मान्य झालेल्या स्केचचे ४० टक्के. नुकसानभरपाईला कराराच्या रकमेएवढी मर्यादा.

मिळालं नाही ते: तीस दिवस, मूळ फायली, मुंबईऐवजी नागपूरचं न्यायालय, आणि १९(४). कायमचे, जगभराचे हक्कही त्यांच्याकडेच. पाठ्यसाहित्य वर्षानुवर्षं छापलं जातं, हे मला पटलं, मी ताणलं नाही.

पाचही कागदांच्या जागी नवीन अटींचं एकच पान केलं आणि टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलं. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: 'शंका आली तर मूळ करार बघ, हा कागद नाही.'

तो पहिल्यांदा कामी आला जुलैमध्ये. चित्र क्रमांक १४, तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत निघालीत, एकाच्या बैलाचं चाक निखळलंय. स्केच मान्य झालेलं. पहिल्या मेलमध्ये बैलांचे रंग बदलायला सांगितले, केले. दुसऱ्यात शिंगांना बेगड हवी होती, लावली. तिसरा मेल आला की तान्हा पोळा इतर ठिकाणच्या मुलांना कळणार नाही, त्याऐवजी शाळेतली परसबाग दाखवा. भिंतीकडे पाहिलं, मग मूळ कलम उघडलं आणि दोन ओळी लिहिल्या: परसबाग आनंदाने काढून देते, कलम ७.३ प्रमाणे ते नवीन चित्र होईल, ३,००० रुपये, कळवावे. दुसऱ्या दिवशी कला संपादक बाईंचा फोन. "जादा बजेट नाही हो. राहू द्या पोळा, खाली एक ओळ माहिती टाकू." आवाजात राग नव्हता. त्यांनाही वरून आलेल्या सूचनेला द्यायला एक कलम मिळालं होतं.

पहिली २० चित्रं ११ जुलैला स्वीकारली गेली, त्यांचे पैसे २२ ऑगस्टला, बेचाळिसाव्या दिवशी आले. शेवटची खेप ८ ऑगस्टला पाठवली. उत्तर नाही. १५ ऑगस्ट आणि शनिवार-रविवार सोडून कामाचे दहा दिवस २५ ऑगस्टला भरले. २६ ला बिल पाठवलं, त्यावर उद्यम क्रमांक आणि ज्या कलमाने काम स्वीकारलं गेलं त्याचा क्रमांक. आधी मला फोन करून 'पाहिलं का हो?' विचारायचा मोह झाला होता. काका म्हणाले, विचारू नको, मुदत तुझ्यासाठीच चालून राहिली आहे.

२५ ऑगस्टपासून पंचेचाळिसावा दिवस ९ ऑक्टोबरला येत होता. ६ ऑक्टोबरला, दसरा होऊन चार दिवस झाल्यावर, ४३,२०० जमा झाले. ४८,००० मधून दहा टक्के टीडीएस कापून. तिन्ही हप्त्यांचे मिळून १२,००० कापले गेलेत, ते फॉर्म २६एएसमध्ये उतरलेत का हे बघायचं तेवढं राहिलंय. चाक निखळलेल्या बैलाचं चित्र आता त्यांचं झालं. त्याआधीची दोन नाकारलेली स्केचेस माझी आहेत, त्यातलं एक फ्रेम करायला टाकलंय.